राशीच्या रकान्यात ५०१

गेल्या वर्षी वधू-वर मेळाव्याच्या आदल्या आठवड्यात सुदामा नगरातल्या एका आईंचा फोन आला. मेळाव्याच्या पुस्तिकेची कच्ची प्रत आम्ही पालकांना तपासायला पाठवली होती. त्या म्हणाल्या, "अहो, आमच्या मुलीची रास मीन आहे. तुम्ही राशीच्या खाली पाचशे एक लिहिलंय." मी संगणक उघडला. त्यांच्याच मुलीची नाही, त्या पानावरच्या निम्म्या मुलामुलींची रास ५०१ होती. काहींची ११००.

इंदूरमधल्या दोन मराठी मंडळांनी मिळून एकच मेळावा घ्यायचं ठरवलं होतं. आमच्या मंडळाची यादी मराठी मथळ्यांची, रामबागेच्या बाजूला राहणाऱ्या एका काकांनी वर्षानुवर्षं जपलेली. त्यात २१४ नावं. दुसऱ्या मंडळाने हिंदी फॉर्म भरून घेतला होता, कारण त्यांच्याकडची तरुण मुलं घरात मराठी बोलत असली तरी शाळा हिंदीत शिकलेली. तिकडे १५८ नावं. दोन्ही याद्या माझ्याकडे आल्या आणि त्यांची एक यादी करायचं काम मी एका संध्याकाळी उरकलं. उरकलं हाच शब्द खरा आहे, आणि म्हणूनच तो फोन आला.

आमच्या यादीत 'राशी' होती, त्यांच्या यादीत 'राशि'. दोन्ही एकच समजून मी एकाखाली एक ठेवल्या. पण हिंदीत राशि म्हणजे रक्कमसुद्धा, आणि त्यांच्या फॉर्मवर 'राशि' या मथळ्याखाली भरलेलं नोंदणी शुल्क होतं. इंदुरात राहून हे मला कळायला हवं होतं. बँकेच्या स्लिपवर तो शब्द आपण रोज वाचतो.

त्यानंतर ते काम मी पुन्हा पहिल्यापासून केलं, या वेळी सावकाश. ते कसं केलं ते इथे सविस्तर सांगते. याद्या लग्नाच्या असोत, सोसायटीच्या की दुकानाच्या, अडचणी याच येतात.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. दोन तक्ते जोडण्याचे दोन प्रकार असतात. एकात तक्ते शेजारी शेजारी येतात: माणसं तीच, एका तक्त्यात त्यांचे पत्ते, दुसऱ्यात त्यांचे गुण, आणि हजेरी क्रमांक पाहून आपण ओळीला ओळ जोडतो. दुसऱ्या प्रकारात तक्ते एकाखाली एक येतात: माणसं वेगळी, माहिती मात्र त्याच जातीची, फक्त रकान्यांची नावं आणि क्रम वेगळा. आमचं काम दुसऱ्या प्रकारचं होतं. इथे ओळी जुळवायच्या नसतात, मथळे जुळवायचे असतात. कोणत्या मथळ्याखाली कोणता मथळा बसतो हे एकदा ठरलं की उरलेलं काम यांत्रिक आहे. सगळी जोखीम त्या ठरवण्यातच असते.

मथळे जुळवताना आपला पहिला भरवसा दिसण्यावर असतो. सारखं दिसतं ते एक, वेगळं दिसतं ते दुसरं. संगणकही असंच करू शकतो. एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती अक्षरचिन्हं बदलावी, घालावी किंवा गाळावी लागतील ते तो मोजतो. व्लादिमिर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडलेली ही मोजणी आजही अनेक साधनांच्या पोटात असते. आमच्या याद्यांवर ती लावून पाहा. 'शिक्षण' आणि 'शिक्षा' यांत फरक एका चिन्हाचा: शेवटी ण च्या जागी काना. 'राशी' आणि 'राशि' यांतही फरक एकाच चिन्हाचा: दीर्घ वेलांटीच्या जागी ऱ्हस्व. मोजणीच्या दृष्टीने दोन्ही जोड्या अगदी सारख्या जवळच्या आहेत. प्रत्यक्षात पहिली जोडी बरोबर आहे, कारण हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आणि दुसरी साफ चूक आहे. उलट 'भ्रमणध्वनी' आणि 'मोबाइल' यांचं एकमेकांशी काहीच साम्य नाही, पण दोन्हीखाली तेच दहा अंक आहेत.

जन्माच्या रकान्याने तर मला दोनदा फसवलं असतं. आमच्या यादीत 'जन्मतारीख' आणि 'जन्मतिथी' असे दोन रकाने आहेत, कारण पंचांगातली तिथी विचारणारी घरं आमच्यात बरीच. जन्मतिथीखाली 'श्रावण वद्य पंचमी' अशा नोंदी. त्यांच्याकडे एकच रकाना, 'जन्म तिथि', आणि त्याखाली साधी इंग्रजी तारीख. नावावरून जोडलं असतं तर तारखा पंचमी-षष्ठीच्या खाली जाऊन बसल्या असत्या, आणि जन्मतारखेचा रकाना १५८ जणांसाठी रिकामा राहिला असता.

म्हणून मी आता मथळा झाकून त्याखालचा माल आधी बघते. प्रत्येक रकान्यासाठी चार गोष्टी: किती सेल भरलेले आहेत, त्यात वेगवेगळ्या नोंदी किती, पहिल्या पाच-सात नोंदी कशा दिसतात, आणि सगळ्यात लहान-मोठी नोंद कोणती. एवढ्याने रकान्याची ओळख पटते. राशी बाराच असतात, त्यामुळे राशीच्या रकान्यात वेगळ्या नोंदी बाराहून जास्त निघाल्या तर एक तर शुद्धलेखनाचा गोंधळ आहे किंवा तो रकाना राशीचा नाहीच. मोबाइल दहा अंकी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारा. पिन कोड सहा अंकी, आणि इंदूर शहराचा असेल तर ४५२ ने सुरू होणारा. शुल्काच्या रकान्यात दोन-तीनच आकडे पुन्हा पुन्हा. त्यांच्या 'राशि'खाली फक्त ५०१ आणि ११०० आहेत हे पाहायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

हे झालं अर्थाचं. त्याच्या अलीकडे एक अगदी साधा अडथळा आहे, आणि तो मन:स्ताप देतो. दोन्ही याद्यांत शब्दशः सारखा असलेला एकमेव मथळा म्हणजे 'गोत्र'. नेमका तोच संगणक जुळवेना. कारण शोधायला `LEN` हे सूत्र कामाला येतं. ते सेलमधली चिन्हं मोजतं. 'गोत्र'ची लांबी पाच यायला हवी: ग, ओकाराची मात्रा, त, हलन्त, र. आमच्याकडे ५ आली, त्यांच्याकडे ६. शब्दाच्या शेवटी एक मोकळी जागा होती, डोळ्याला न दिसणारी. `TRIM` लावलं तरी ती जाईना, कारण वेब पानावरून उचललेल्या मजकुरात कधी कधी वेगळ्या जातीची मोकळी जागा येते, जिचा क्रमांक १६० आहे, आणि `TRIM` तिला ओळखत नाही. आधी तिला साध्या मोकळ्या जागेत बदलावं लागतं:

```
=TRIM(SUBSTITUTE(A1,UNICHAR(160)," "))
```

मध्य प्रदेशात राहणाऱ्यांनी आणखी एक तपासायला हवं. त्यांच्या यादीतला 'नाम' हा मथळा शीटवर नीट देवनागरीत दिसत होता, पण त्या सेलवर गेल्यावर वरच्या फॉर्म्युला बारमध्ये दिसायचं `uke`. तो मथळा कुणीतरी कृतिदेव फॉन्टमधल्या जुन्या छापील फॉर्मच्या फाइलमधून आणून चिकटवला होता. कृतिदेवमध्ये अक्षरं मुळात रोमनच साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचं रूप देतो. असा मथळा कुठल्याही मराठी-हिंदी मथळ्याशी कधीच जुळणार नाही. एक-दोन मथळे असतील तर पुन्हा टाइप करावेत. अख्खी यादीच तशी असेल तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी, नंतरच जुळणीला हात घालावा.

एवढं झाल्यावर मी एक तिसरं शीट उघडलं आणि त्याला 'जुळणी' असं नाव दिलं. याद्यांना हात लावायच्या आधी निर्णय सगळे या शीटवर लिहायचे. पहिल्या रकान्यात एकत्र यादीत हवा असलेला मथळा, दुसऱ्यात आमचा, तिसऱ्यात त्यांचा, आणि चौथ्यात शेरा. जोड नसेल तिथे सेल रिकामा.

| अंतिम मथळा | पहिली यादी | दुसरी यादी | शेरा |
|---|---|---|---|
| नोंदणी क्र. | नोंदणी क्र. | क्रमांक | पुढे अ / ब लावणे |
| संपूर्ण नाव | संपूर्ण नाव | नाम, उपनाम | दोन जोडून एक |
| जन्मतारीख | जन्मतारीख | जन्म तिथि | |
| गोत्र | गोत्र | गोत्र | |
| उंची | उंची | ऊंचाई | माप वेगळं |
| शिक्षण | शिक्षण | शिक्षा | |
| वार्षिक उत्पन्न | वार्षिक उत्पन्न | मासिक आय | गुणिले १२ |
| पत्ता | पत्ता | पता | |
| मोबाइल | भ्रमणध्वनी | मोबाइल | |
| नोंदणी शुल्क | नोंदणी शुल्क | राशि | |
| जन्मतिथी | जन्मतिथी | | फक्त पहिलीत |
| राशी | राशी | | फक्त पहिलीत |
| पूर्वविवाह | पूर्वविवाह | | फक्त पहिलीत |
| पिन कोड | | पिन कोड | फक्त दुसरीत |
| आहार | | आहार | फक्त दुसरीत |

आमच्या यादीत १३ रकाने होते: १० जुळले, ३ उरले. त्यांच्याही यादीत १३: त्यांपैकी 'नाम' आणि 'उपनाम' मिळून आमच्या एका रकान्याला जुळले, म्हणून ११ जुळले आणि २ उरले. ही बेरीज दोन्ही बाजूंनी बसली पाहिजे. बसली नाही तर एखादा रकाना हातातून निसटला आहे, आणि तो हमखास महत्त्वाचाच निघतो.

शेऱ्याच्या रकान्यात खरी कामं आहेत. उत्पन्नाचं सोपं होतं. आमच्याकडे वर्षाचं, त्यांच्याकडे महिन्याचं, म्हणून त्यांचा आकडा गुणिले १२. तसं न करता नुसते मथळे जोडले असते तर महिना ५०,००० कमावणारा मुलगा वर्षाला ६,००,००० कमावणाऱ्याच्या शेजारी गरीब दिसला असता, प्रत्यक्षात दोघांची कमाई तितकीच. नोंदणी क्रमांक दोन्हीकडे १ पासून सुरू होत होते, म्हणजे १७ क्रमांकाची दोन माणसं. तिथे अ-१७ आणि ब-१७ असं केलं.

नावाचं थोडं नाजूक. उपनाम म्हटलं की काहींच्या डोळ्यांसमोर टोपणनाव येतं, त्यांच्या हिंदी फॉर्मवर मात्र ते आडनाव होतं. आमच्या काकांची पद्धत आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. म्हणून त्यांचे दोन रकाने जोडताना उपनाम आधी घेतलं. जोडून झाल्यावर दिसलं की काहींनी 'नाम'मध्येच आडनावासकट पूर्ण नाव लिहिलं होतं, त्यामुळे त्यांचं आडनाव दोनदा आलं. ते हातानेच काढले. वीस-बावीस होते, तेवढ्यासाठी सूत्र रचत बसण्यात अर्थ नव्हता.

आता उरलेल्या पाच रकान्यांबद्दल. माझ्या मते सगळ्या कामातला हाच भाग सर्वांत दुर्लक्षित राहतो.

जोड नसलेल्या रकान्याचं काय करायचं? पहिला मोह असतो तो गाळून टाकण्याचा. दोन्हीकडे नाही ना, मग जाऊ दे. पण त्यात आमच्या २१४ घरांनी भरून दिलेली माहिती फुकट जाते, आणि पुढे कुणी विचारलं तर ती कुठे गेली हेही सांगता येत नाही. दुसरा मोह म्हणजे रकाना ठेवायचा आणि ज्यांची माहिती नाही त्यांच्यापुढे सेल रिकामा सोडायचा. संगणकातली जोडणीची साधनं आपणहून हेच करतात. एक्सेलच्या पॉवर क्वेरीत `Append Queries` वापरलं की नाव जुळणारे रकाने एकाखाली एक येतात आणि जोड नसलेल्यांपुढे `null` येतं. दिसायला स्वच्छ, पण धोका याच रिकामपणात आहे.

आमचा 'पूर्वविवाह' हा रकाना बघा. पहिलं लग्न झालेलं असेल, मोडलेलं असेल किंवा जोडीदार गेलेला असेल तर त्यात तशी नोंद होते. नसेल तर काका तो सेल रिकामा ठेवतात. म्हणजे आमच्या यादीत रिकाम्या सेलचा अर्थ 'पूर्वविवाह नाही'. दुसऱ्या मंडळाने हा प्रश्न विचारलाच नव्हता. मी पहिल्यांदा याद्या जोडल्या तेव्हा त्यांच्या १५८ जणांपुढे हा रकाना रिकामा राहिला, आणि कच्च्या प्रतीत ते सगळे न विचारताच अविवाहित ठरले. त्यांतल्या एका मुलीने स्वतः फोन करून सांगितलं की तिचा घटस्फोट झाला आहे आणि ते तिला लपवायचं नाही, आम्ही ते लपवल्यासारखं का दाखवलं. राशीच्या चुकीपेक्षा मला ही चूक जास्त लागली. पाचशे एक ही रास असू शकत नाही हे कुणालाही कळतं. रिकामा सेल मात्र कुणालाच खटकत नाही.

तेव्हापासून मी तीन अवस्था वेगळ्या ठेवते. नोंद आहे, ती जशीच्या तशी. प्रश्न विचारला होता पण उत्तर दिलं नाही, तो सेल रिकामा. आणि प्रश्न विचारलाच नव्हता, तिथे स्पष्ट शब्दांत 'विचारले नाही'. शिवाय एखाद्या यादीत रिकाम्याचा ठरलेला अर्थ असेल, जसा आमच्या पूर्वविवाहाचा, तर जोडणीच्या आधीच तिथे 'नाही' असं लिहून टाकते. आणि हे माझं मी ठरवत नाही, काकांना विचारूनच करते. यादी ज्याने जपली त्यालाच तिच्यातल्या रिकाम्या जागांचे अर्थ माहीत असतात.

खूण दोन ठिकाणी लागते. सेलमध्ये 'विचारले नाही', आणि मथळ्यातही: 'राशी – फक्त पहिली', 'आहार – फक्त दुसरी'. मथळ्यातली खूण अशासाठी की उद्या कुणी ही यादी गाळून बघेल आणि म्हणेल, एवढ्या जणांपैकी शाकाहारी इतकेच कसे? मथळा वाचला की त्याला कळेल की हा प्रश्न ३७२ जणांना नव्हे, १५८ जणांनाच विचारला होता. रकाना आकड्यांचा असेल तर मात्र सेलमध्ये शब्द न लिहिता रिकामा ठेवून मथळ्यातल्या खुणेवरच भागवावं. बेरीज-सरासरी शब्दांकडे दुर्लक्ष करतात खरं, पण ती यादी पुढे दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये भरायची झाली तर आकड्यांच्या रकान्यात शब्द चालत नाहीत. आमच्या पाचांत तसा रकाना नव्हता. पिन कोड अंकांत लिहिला तरी त्याची कुणी बेरीज करत नाही.

एक मोह मी मुद्दाम टाळला. आमच्या 'पत्ता' रकान्यात पुष्कळदा शेवटी पिन लिहिलेला असतो, तो काढून पिन कोडच्या रकान्यात भरता आला असता. पण सगळ्यांनी तो लिहिलेला नाही, आणि अर्धा भरलेला रकाना 'विचारले नाही' या खुणेचा अर्थच घालवतो. ते वेगळं काम आहे, वेगळ्या दिवशी करावं. दोन्ही मंडळांत नाव नोंदवलेली माणसं शोधणं हेही तसंच. आधी यादी एक होऊ दे, मग मोबाइल नंबरवरून जोडनोंदी शोधता येतात.

प्रत्यक्ष जोडणी मी साध्या सूत्राने केली. मूळ याद्यांच्या प्रती बाजूला ठेवल्या. दुसऱ्या यादीच्या कामाच्या प्रतीत नाम-उपनाम एक केलं आणि उत्पन्न वार्षिक करून मथळाही 'वार्षिक आय' केला, म्हणजे तिच्यात १२ रकाने राहिले, `A` ते `L`. जुळणीच्या शीटवरही हेच नवे मथळे लिहिले. मग एका नव्या शीटच्या पहिल्या ओळीत अंतिम मथळे आडवे मांडले आणि दुसऱ्या ओळीत त्यांच्याखाली दुसऱ्या यादीतला मथळा, जुळणीच्या शीटवरून. जोड नाही तिथे रिकामं. तिसऱ्या ओळीपासून हे सूत्र:

```
=IF(A$2="","विचारले नाही",
 INDEX('दुसरी'!$A2:$L2,
 MATCH(A$2,'दुसरी'!$A$1:$L$1,0)))
```

ते असं वाचायचं: दुसऱ्या ओळीत मथळाच नसेल तर 'विचारले नाही' लिही. असेल तर तो मथळा दुसऱ्या यादीत कितव्या जागी आहे ते `MATCH` शोधेल, आणि या माणसाच्या ओळीतली त्या जागची नोंद `INDEX` उचलून आणेल. सूत्र उजवीकडे आणि खाली ओढलं की १५८ ओळी अंतिम क्रमात तयार. पहिल्या यादीसाठीही दुसऱ्या शीटवर हेच, फक्त यादीचं नाव आणि रकान्यांची हद्द बदलून. मग दोन्हींतल्या नोंदी `Paste Special` मधून नुसती मूल्यं म्हणून एकाखाली एक चिकटवल्या आणि डावीकडे एक 'स्रोत' रकाना घातला: पहिली किंवा दुसरी. स्रोताशिवाय एकत्र यादी मी आता कुणालाच देत नाही, कारण पुढे शंका आली की कोणत्या मंडळाचा कागदी फॉर्म बघायचा हे त्यावरूनच कळतं.

या सूत्राच्या दोन खोडी माहीत असाव्यात. मूळ सेल रिकामा असेल तर एक्सेल तिथे 0 दाखवतं. म्हणजे ज्याने गोत्र लिहिलं नाही त्याचं गोत्र शून्य. मजकुराच्या रकान्यांत `INDEX` च्या कंसानंतर `&""` जोडलं की ते शून्य जातं. आकडे आणि तारखांना मात्र हे लावू नये, कारण त्यांचा मजकूर होऊन बसतो. तिथे मूळ सेल रिकामा आहे का हे आणखी एका `IF` ने विचारावं.

दुसरी खोडी म्हणजे `#N/A`. ते आलं की आपण चिडतो आणि सूत्राभोवती `IFERROR` गुंडाळून ते घालवतो. तसं करू नये. `#N/A` सांगत असतं की जुळणीच्या शीटवर मथळा लिहिलेला आहे, पण यादीत तो सापडला नाही. माझ्या बाबतीत तो 'गोत्र'च्या शेवटची ती न दिसणारी मोकळी जागा दाखवत होता. `IFERROR` ने तिथे कोरा सेल आला असता आणि १५८ जणांनी गोत्रच सांगितलं नाही असं वाटलं असतं.

तपासणीला मला वीस मिनिटं लागली. आधी ओळी: २१४ आणि १५८ मिळून ३७२. मग रकाने: १० जुळलेले, ३ आणि २ बिनजोडीचे, एक स्रोताचा, एकूण १६. मग प्रत्येक जुळलेल्या रकान्यात भरलेले सेल मोजले. पहिल्या यादीतले अधिक दुसऱ्यातले बरोबर एकत्र यादीतले, हे रकान्यागणिक बसायला हवं. शुल्काची बेरीज दोन्ही मंडळांच्या खजिनदारांच्या आकड्यांच्या बेरजेइतकी आली. शेवटी राशीच्या रकान्यातल्या वेगळ्या नोंदी मोजल्या: बारा राशी आणि 'विचारले नाही', मिळून तेरा. जुन्या फाइलवर हीच मोजणी करून पाहिली तर चौदा निघाल्या, बारा राशी, ५०१ आणि ११००.

उंचीचा मात्र निकाल तिथे लागला नाही. त्यांची 'ऊंचाई' सेंटिमीटरमध्ये होती, आमची फूट-इंचांत, आणि काका ती 5.4 अशी लिहीत, म्हणजे पाच फूट चार इंच. पाच गुणिले ३०.४८ अधिक चार गुणिले २.५४, साधारण १६३ सेंटिमीटर. गणित सोपं, म्हणून मी निश्चिंत होते. मग यादीत डोळे फिरवताना लक्षात आलं की आमच्या २१४ जणांत पाच फूट दहा इंचांचा एकही जण नाही. पाच फूट नऊ इंचांचे होते, अकराचेही होते, दहाचं कुणीच नाही. काकांनी 5.10 लिहिलं की एक्सेलने ती संख्या समजून शेवटचं शून्य गाळलं आणि 5.1 ठेवलं होतं. म्हणजे १७८ सेंटिमीटरची माणसं १५५ची झाली होती, आणि हे मथळे जुळवण्याच्या कितीतरी आधी घडलं होतं. शीटमध्ये ते दहा होते की एक, हे सांगणारं काहीच उरलं नव्हतं.

5.1 नोंद असलेले अकरा जण निघाले. काकांच्या घरी जाऊन कपाटातले कागदी फॉर्म काढले. सात जण खरोखरच पाच फूट एक इंच होते, चौघे पाच फूट दहा. त्या चौघांची उंची हाताने दुरुस्त केली, सगळा रकाना सेंटिमीटरमध्ये आणला, आणि मगच पुस्तिका छापायला गेली.